पंच्याऐंशी अंशांचं थंड पाणी

होस्टेलच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर असतो, पण टाकीतलं पाणी तापलंय की नाही हे खालच्या मजल्यावर कुणालाच कळत नाही. सकाळी कुणीतरी बादली घेऊन जातो, नळाखाली हात धरतो आणि ओरडतो, "अजून गारच आहे रे!" सेकंड इयरला शिकणाऱ्या एका मुलानं मिनी प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला. टाकीत तापमानाचा सेन्सर सोडायचा, त्याची वायर खाली आणायची आणि बाथरूमच्या बाहेर दोन दिवे लावायचे. पाणी ४० अंशांच्या वर गेलं की हिरवा, नाहीतर लाल.

सामान मोजकंच होतं. अर्डुइनो ऊनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, डीएस१८बी२० नावाचा सेन्सर, ४,७०० ओहमचा एक रेझिस्टर, दोन एलईडी, ब्रेडबोर्ड आणि मूठभर जंपर वायर. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. त्यात आपण एक प्रोग्राम भरायचा आणि वीज असेपर्यंत तो तोच प्रोग्राम पुन्हापुन्हा चालवत राहतो. ब्रेडबोर्ड म्हणजे भोकाभोकांची प्लास्टिकची पट्टी. प्रत्येक भोकाखाली पितळी चिमट्यासारखी पत्र्याची क्लिप असते आणि पाच-पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. वायरचं टोक भोकात खोचलं की झाली जोडणी. डाग लावायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरज नाही. सेन्सर आणि रेझिस्टर नवे होते. बोर्ड, ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर मात्र पास होऊन गेलेल्या एका सीनियरनं मागे ठेवलेल्या डब्यातल्या होत्या. होस्टेलवर हे सामान असंच एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातं.

हा सेन्सर स्टीलच्या नळीत बंद असतो, त्यामुळे पाण्यात बुडवता येतो. त्यातून तीन वायर बाहेर येतात. लाल वायर पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची आणि पिवळी माहितीची. पिवळी आणि लाल यांच्यामध्ये तो ४,७०० ओहमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे कुणी बोलत नसताना माहितीची वायर पाच व्होल्टला टेकून राहते. या रेझिस्टरचं काम पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

प्रोग्रामही लहानच. या सेन्सरसाठी लिहिलेली तयार लायब्ररी मिळते. मूळ चिप डॅलस सेमिकंडक्टर कंपनीची, म्हणून लायब्ररीच्या नावातही डॅलस आहे. मुख्य ओळी एवढ्याच:

```
sensors.requestTemperatures();
float t = sensors.getTempCByIndex(0);
Serial.println(t);
```

पहिल्या ओळीत सेन्सरला तापमान मोजायला सांगायचं, दुसरीत मोजलेला आकडा मागून घ्यायचा, तिसरीत तो लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवायचा. खोलीतल्या टेबलावर पाण्याचा मग ठेवून त्यानं सेन्सर आत सोडला. पडद्यावर आकडे येऊ लागले:

```
28.56
28.56
28.63
85.00
28.56
-127.00
85.00
28.63
```

मगातल्या गार पाण्यावर हिरवा दिवा मधूनच लागत होता. रूममेट म्हणाला, "भारी आहे की. एका सेकंदात पाणी उकळायला आलं आणि पुन्हा गार पण झालं."

हे सगळं प्रोग्रामचंच पाप, असं त्या मुलाला वाटलं, आणि तसं वाटायला कारणही होतं. इंटरनेटवर मिळणारा छोटा प्रोग्राम त्यानं चालवून पाहिला होता. तो वायरवर कोणते सेन्सर आहेत ते शोधतो आणि प्रत्येकाचा कायमचा क्रमांक छापतो. या चिपच्या प्रत्येक नगाला कारखान्यातच ६४ बिटांचा वेगळा क्रमांक दिलेला असतो आणि डीएस१८बी२०चा क्रमांक नेहमी `28` नं सुरू होतो. त्याच्या पडद्यावर `28` नं सुरू होणारा क्रमांक दर वेळी न चुकता उमटत होता. सेन्सर ओळख देतोय म्हणजे वायरिंग बरोबर आहे, मग चूक आपण लिहिलेल्या ओळींतच असणार, असा त्याचा हिशोब होता.

मग त्यानं प्रोग्राम बदलायला सुरुवात केली. लायब्ररी काढून पुन्हा टाकली. फरक पडला नाही. मग वाटलं, आपण सेन्सरला घाई करतोय. दोन मोजण्यांमध्ये थांबायचा वेळ एका सेकंदावरून तीन सेकंदांवर नेला. नेमकी त्याच वेळी लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि बोर्डाला यूएसबीमधून वीज मिळत होती, त्यामुळे प्रोग्राम थांबला नाही. अंधारात पडद्यावर ओळीनं २८.५६, २८.५६, २८.५० असे शहाण्यासारखे आकडे येत राहिले. एकही ८५ नाही. "सुटला प्रॉब्लेम," असं म्हणून तो झोपायच्या तयारीला लागला. लाइट आली, टेबलफॅन सुरू झाला आणि पाचव्या-सहाव्या ओळीला पुन्हा `85.00`.

टेबलफॅनकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही. त्यानं पुढचा उपाय काढला तो सरासरीचा. दहा मोजण्या घ्यायच्या, बेरीज करून दहानं भागायचं. पडद्यावर ८५ दिसायचं बंद झालं, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं. नऊ वेळा २८ आणि एकदा ८५ आलं, तर सरासरी ३३.७ येते. ८५ पाहून माणूस निदान दचकतो, ३३.७ पाहून "बरं, पाणी कोमट आहे" म्हणून गप्प बसतो. चुकीचा आकडा खरा वाटू लागला की तो शोधायचा मार्गच बंद होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वरच्या मजल्यावरच्या फायनल इयरच्या दादाकडे गेला. दादानं प्रोग्राम पाहायला घेतलाच नाही. त्यानं फक्त सरासरीच्या ओळी काढायला लावल्या आणि विचारलं, "चुकीचे आकडे कोणते येतात? कुठलेही येतात की हे दोनच?"

"हे दोनच. ८५ आणि उणे १२७."

"७३ कधी आलं? ४१.२ आलं?"

"नाही दादा."

"मग मोजण्यात चूक नाही. हे दोन्ही मोजलेले आकडेच नाहीत."

दादाच्या या बोलण्यात या दोषाचं सगळं निदान आलं होतं. हा सेन्सर उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंतच मोजू शकतो. उणे १२७ हे त्याच्या आवाक्याबाहेरचं तापमान आहे, आणि म्हणूनच लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तो आकडा खूण म्हणून निवडला. सेन्सरनं हाकेला ओ दिली नाही, किंवा ओ दिली पण आलेली माहिती वाटेत बिघडली, तर लायब्ररी उणे १२७ हातात ठेवते. तो आकडा सेन्सरचा नाही, लायब्ररीचा आहे.

८५ मात्र खुद्द सेन्सरकडून येतो. तापमान मोजून झालं की सेन्सर ते आपल्या दोन बाइटच्या एका जागेत लिहून ठेवतो आणि मागितलं की तिथून वाचून दाखवतो. चिपला वीज मिळाली त्या क्षणी, पहिली मोजणी व्हायच्या आधी, त्या जागेत ठरलेला एक आकडा असतो, आणि तो म्हणजे ८५ अंश. लाइट जाऊन आल्यावर घरातलं डिजिटल घड्याळ १२:०० वर लुकलुकायला लागतं, तसंच हे. घड्याळात बारा वाजलेले नसतात. आपली वीज गेली होती एवढंच ते सांगत असतं. डीएस१८बी२०च्या भाषेत ८५चा अर्थ तोच: मी आत्ताच जागा झालोय, अजून काहीही मोजलेलं नाही.

आता वरचा प्रोग्राम पुन्हा पाहा. पहिली ओळ सेन्सरला मोजायला सांगते. पूर्ण अचूकतेनं मोजायला त्याला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद, म्हणजे पाऊण सेकंद लागतो, आणि लायब्ररी तेवढा वेळ आपणहून थांबते. त्या पाऊण सेकंदात क्षणभर जरी सेन्सरची वीज तुटली, तर तो पुन्हा शून्यापासून जागा होतो आणि त्याच्या जागेत ८५ बसतं. दुसऱ्या ओळीनं आकडा मागितला की तो इमानेइतबारे ८५ देतो. प्रत्येक वाचनासोबत माहिती वाटेत बिघडली का हे पाहायला तपासणीचा एक बाइट येतो, पण त्याचा इथे उपयोग नाही, कारण माहिती बिघडलेलीच नाही. सेन्सरकडे खरोखर ८५ लिहिलेलं होतं आणि ते जसंच्या तसं पोचलं. वीज नेमकी माहिती देता-देता तुटली, तर मात्र ती अर्धवट पोचते, तपासणीत नापास होते आणि पडद्यावर उणे १२७ येतं. दोन वेगळे आकडे, पण कारण एकच असू शकतं.

तरी एक कोडं उरतंच. विजेची वायर सुटत असेल, तर सेन्सर आपला क्रमांक न चुकता कसा सांगत होता? याचं उत्तर त्या ४,७०० ओहमच्या रेझिस्टरपाशी आहे. या चिपची बनावट अशी आहे की लाल वायर नसली तरी ती माहितीच्या वायरमधून थोडी वीज चोरू शकते. माहितीची वायर पाच व्होल्टला टेकलेली असताना चिप तिथून थेंबथेंब वीज घेते आणि आतल्या छोट्या कपॅसिटरमध्ये साठवते. नुसता क्रमांक सांगायला एवढी वीज पुरते. तापमान मोजायला मात्र पुरत नाही, कारण मोजताना चिपला दीड मिलिअँपिअरपर्यंत करंट लागतो. ४,७०० ओहमच्या रेझिस्टरमधून दीड मिलिअँपिअर जायचा, तर त्याच्यावरच सात व्होल्ट पडायला हवेत, आणि आपल्याकडे सगळे मिळून पाच आहेत. म्हणजे मोजणी सुरू होताच सेन्सरची वीज खाली बसते, तो पुन्हा जागा होतो आणि ८५ म्हणतो. ओळख पटवण्याच्या चाचणीत पिवळी आणि काळी या दोनच वायर पास झाल्या होत्या. लाल वायरची परीक्षा झालीच नव्हती.

दादाचा दुसरा प्रश्न होता, "नीट कधी चालतं?" बिघाड केव्हा होतो हे सगळेच सांगतात, बिघाड केव्हा होत नाही हे विचारावं लागतं. मुलगा म्हणाला, "काल लाइट गेली होती तेव्हा अर्धा तास मस्त चाललं. पण तेव्हा मी थांबायचा वेळ पण वाढवला होता."

"लाइट गेल्यावर खोलीत काय काय बंद झालं?"

रूममेटच बोलला, "फॅन."

खाली येऊन त्यांनी टेबलफॅन बंद केला. तीन सेकंद पुन्हा एका सेकंदावर आणले, म्हणजे दोन बदल एकमेकांत मिसळायला नकोत. एकही ८५ आलं नाही. फॅन सुरू केला आणि टेबलाच्या थरथरीबरोबर ८५ परतलं. प्रोग्राममधलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. आता शोध टेबलावरच्या सात-आठ वायरींपुरता उरला.

पुढचं काम हातानं करायचं होतं. फॅन बंद ठेवून, प्रोग्राम चालू ठेवून, एकेक वायर बोटानं हलकेच हलवायची आणि डोळे पडद्यावर ठेवायचे. दोन वायर एकदम हलवायच्या नाहीत. सेन्सरची पिवळी हलवली, काही नाही. काळी, काही नाही. बोर्डाच्या `5V` पिनमधून ब्रेडबोर्डच्या कडेच्या पट्टीवर गेलेली वायर हलवली, काही नाही. त्या पट्टीवरून सेन्सरच्या लाल वायरकडे जाणारी छोटी जंपर हलवली आणि `85.00`. परत हलवली, परत `85.00`.

मुलानं ती भोकात अजून घट्ट दाबली. तरी ८५ येतच राहिलं, म्हणजे भोकातली क्लिप ढिली नव्हती. यूएसबी काढून त्यांनी वायर बाहेर घेतली आणि मल्टिमीटर बीपवर लावून दोन्ही टोकांना काड्या लावल्या. मीटर वाजला. वायर चांगली आहे असं म्हणून ठेवून द्यायची वेळ इथेच येते आणि पुष्कळ जण तसंच करतात. दादानं काड्या तशाच धरून प्लास्टिकच्या टोपीजवळ वायर वाकवली. बीप तुटला. सरळ केली, पुन्हा वाजला.

जंपर वायरच्या टोकाला काळी चौकोनी टोपी असते. तिच्या आत धातूची पिन तांब्याच्या बारीक तारांवर दाबून बसवलेली असते. डाग लावलेला नसतो. वायर काढताना टोपीला न धरता वायरलाच धरून ओढली, की ताण सगळा त्या दाबलेल्या जागेवर येतो. असं पुष्कळदा झालं की तारा आत तुटतात किंवा पिनेतून सरकतात. बाहेरचं प्लास्टिक जसंच्या तसं राहतं आणि तुटलेली टोकं एकमेकांना टेकलेली असल्यामुळे वीजही जाते, जोवर काही हलत नाही तोवर. बॅचमागून बॅच वापरलेल्या डब्यातली ती वायर अशीच झाली होती.

अशा दोषात मल्टिमीटरवर आंधळा भरवसा ठेवता येत नाही. साधा मीटर पडद्यावरचा आकडा सेकंदातून दोन-तीन वेळाच बदलतो. वीज काही मिलिसेकंदांसाठी तुटली, तर मीटर शांतपणे पाच व्होल्ट दाखवत राहतो आणि सेन्सर मात्र तेवढ्यात पुन्हा जागा झालेला असतो. म्हणून संशयित वायर मोजत बसण्यापेक्षा ती बदलून पाहणं जास्त खात्रीचं. त्यांनी डब्यातली दुसरी जंपर वाकवून, बीप ऐकून घेतली आणि लावली. फॅन पूर्ण वेगानं सोडला. रात्रीचं जेवण होऊन आले तोवर पडद्यावर २८ आणि २९च्या मधलेच आकडे होते.

याचा अर्थ ८५ दिसलं की वायरच दोषी, असा मात्र नाही. प्रोग्रामच्या चुकीनंही ८५ येतं, पण त्याची चाल वेगळी असते. मोजणी पूर्ण व्हायच्या आतच आकडा मागितला, तर बोर्ड सुरू केल्यावरचं पहिलं वाचन ८५ येतं आणि नंतरची बरोबर दिसतात, फक्त ती एक मोजणी मागे चालतात. बोर्डाची वीज काढून पुन्हा लावली की दर वेळी हाच क्रम. प्रोग्रामची चूक सहसा अशी ठरल्या जागी, ठरल्या वेळी भेटते, कारण त्याच ओळी त्याच क्रमानं चालतात. मधूनच, अनियमित, हात लागला किंवा टेबल हललं की येणारं ८५ हे विजेच्या वाटेतल्या सैल जागेचं लक्षण. याला अपवादही आहेत. ऊनोमधल्या चिपला कामापुरती स्मृती फक्त २ किलोबाइट असते. प्रोग्रामनं ती हळूहळू खाऊन टाकली, तर तोही मधेच वेडंवाकडं वागतो. पण अशा वेळी बिघडलेले आकडे कसलेही असतात किंवा बोर्ड अडकून बसतो. नेमके ८५ आणि उणे १२७ हे दोनच येत नाहीत.

खऱ्या टाकीतलं पाणी कधी खरोखरच ८५ अंशांना पोचलं तर? ते शक्य आहे, पण पाणी ८४, ८४.५ असं चढत तिथे जाईल. हा सेन्सर अंशाचा सोळावा भाग, म्हणजे ०.०६२५ एवढ्या पायऱ्यांनी मोजतो. २८.५६ नंतर एका सेकंदात नेमकं ८५.०० हे पाण्याला जमणारं नाही. शिवाय सरासरी काढून किंवा ८५ आलं की दुर्लक्ष करून भागत नाही. तसं केलं, तर वायर पूर्ण तुटेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून प्रोजेक्टमध्ये तिसरा, पिवळा दिवा आला:

```
if (t == -127.0 || t == 85.0) {
  digitalWrite(FAULT_LED, HIGH);
}
```

पिवळा लागला की हिरवा आणि लाल दोन्ही बंद. पाणी गार की गरम हे सांगता येत नाही, वायर तपासा, असा त्याचा अर्थ. खरंच ८५ अंश झालं, तर तेवढ्यापुरता पिवळा उगाच लागेल, पण एवढ्या गरम पाण्याखाली कुणी घाईघाईनं शिरू नये हेही बरंच. लॅबमधल्या काकांनी आणखी एक गोष्ट सुचवली. "ब्रेडबोर्ड गच्चीवर नेऊ नकोस. वाऱ्यानं हलणार, पावसाळ्यात क्लिपा काळ्या पडणार." मग त्यानं छिद्रांच्या कोऱ्या पीसीबीवर सगळं डाग लावून बसवलं आणि सेन्सरच्या तीन वायर स्क्रूच्या कनेक्टरमध्ये आवळल्या. जंपर एकही ठेवली नाही. डब्यातल्या उरलेल्या सगळ्या जंपर मीटरवर वाकवून तपासल्या, बीप तुटणाऱ्या कात्रीनं कापून टाकल्या आणि पुण्याला जाणाऱ्या मित्राला तपकीर गल्लीतून नवीन आणायला सांगितल्या. तुटकी वायर नुसती बाजूला ठेवली, तर ती परत डब्यात जाते आणि पुढच्या बॅचचा कुणीतरी तिच्यापायी आपला प्रोग्राम बदलत बसतो.